मदत हवी आहे: व्हॉइसओव्हरची स्क्रिप्ट वेळेत बसत नाही

प्राजक्ता_प: अभ्यासाच्या टिप्सचा व्हिडिओ करतेय. स्क्रिप्ट तयार आहे, सहा टिप्स आहेत. तीन मिनिटांत संपवायचंय, पण संपतच नाही आणि शेवटी दम लागतो. उद्या संध्याकाळी रेकॉर्डिंग आहे. काय कापू, लवकर सांगा.

घाटमाथा: परीक्षा कोणती? शब्द किती? स्क्रिप्ट न बघता कापणार कसं?

रानवारा: माइक कोणता आहे? मी कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसते, आवाज अजिबात घुमत नाही.

प्राजक्ता_प: माइक चांगला आहे ताई. एमपीएससी संयुक्त पूर्वसाठी आहे. ६४० शब्द. पहिली टीप अशी: 'पंचायतराजसारखे विषय वारंवार वाचल्याने ते स्मरणात राहतात.'

लोकल_८: काही कापू नका. एडिटिंगमध्ये वेग सव्वापट करा.

जुना_निवेदक: सव्वापट करूनही सव्वाचार मिनिटं होतील. समजेल असं मराठी बोललं की मिनिटाला साधारण १२० शब्द होतात, म्हणजे तीन मिनिटांना ३६०. सहाऐवजी एकच टीप घ्या. पहिली टीप तर बदलाच. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटतो आणि पोरांना वाटतं, येतंय. पेपरात दोन पर्यायांत गोंधळ उडतो आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण जातात. पुस्तक मिटून आठवायला लावा, तेही व्हिडिओतच:

'त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने कोणती अनुसूची जोडली? तिच्यात विषय किती? मनात उत्तर द्या.' इथे सहा सेकंद शांतता. 'अकरावी अनुसूची, एकोणतीस विषय. बारावी आणि अठरा म्हणालात? ती चौऱ्याहत्तरावी, नागरी संस्थांची. हाच प्रश्न उद्या पुस्तक न उघडता स्वतःला विचारा. मग आठवड्याने.'

आकडे असेच अक्षरी लिहा, वाचताना अडखळत नाही. आणि एका श्वासात न संपणारं वाक्य तोडा, दम तिथेच लागतो.

लोकल_८: सहा सेकंद शांतता? लोक व्हिडिओ पुढे ढकलतील.

जुना_निवेदक: पडद्यावर प्रश्न आणि उलटी मोजणी ठेवायची. उत्तर आधी सांगितलं तर तो पुन्हा नुसता ऐकतच राहील.

लोकल_८: तीन सेकंद पुरे. मोबाइलवर कोण थांबतंय!

घाटमाथा: आठवायला तीन कमीच पडतात. पण असे प्रश्न तीनच ठेवा, नाहीतर चाचणी वाटेल.

सोलापूरकर_काका: माझा मुलगा पोलीस भरती करतोय. त्याला गणित जमत नाही, पुस्तक सुचवा.

प्राजक्ता_प: काका, वेगळा धागा काढा ना. निवेदक दादा, एकच टीप ठेवते. पण सहा टिप्सचं थंबनेल आधीच बनवून घेतलंय, त्याचं काय करू? आणि दुसरा प्रश्न इतिहासाचा घेऊ की भूगोलाचा?

रानवारा: इतिहास.

घाटमाथा: भूगोल. नकाशा दाखवता येतो.