मदत हवी आहे: 24 लाखांच्या शेअर्सना निफ्टी पुटचे किती लॉट?

टॉवेलवाला_सोलापूर
शेअर्स 24 लाखांचे, बीटा 1. निफ्टी 25,000 धरा. भागाकार 1.48 लॉट येतोय. एक घेऊ की दोन? मागच्या महिन्यात एक घेतला होता. बाजार पडला, शेअर्स पडले आणि पुटही शून्य झाला. उद्या सकाळी घ्यायचाय, लवकर सांगा. शेअर्स वडिलांनी घेतलेले आहेत, विकायचे नाहीत.

गड्डा_यात्री
विकून मोकळा हो की. वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या लाँग टर्म नफ्यावर करच नाही. मी दर मार्चला थोडे थोडे विकतो आणि एफडी करतो. रात्री झोप लागते.

टॉवेलवाला_सोलापूर
काका, शेवटचं वाक्य वाचा ना.

भीमाकाठ
बीटा बरोबर 1 कसा आला? आणि मागचा पुट कुठल्या स्ट्राइकचा होता?

टॉवेलवाला_सोलापूर
स्मॉलकॅप 1.5, बँका 0.9, एफएमसीजी 0.6. बेरीज भागिले तीन. स्ट्राइक 24,000. निफ्टी 25,000 वरून 24,250 ला आला होता.

भीमाकाठ
कशात किती पैसे आहेत?

टॉवेलवाला_सोलापूर
16 लाख, 5 लाख, 3 लाख. त्याने काय फरक पडतो?

पार्क_चौक
लॉट 75 चा आहे, कॉन्ट्रॅक्ट 18.75 लाखांचा होतो. तुमचा भागाकारच चुकलाय.

भीमाकाठ
75 चा 2025 मध्ये होता, जानेवारी 2026 पासून 65 आहे. ऑर्डरच्या खिडकीत क्वांटिटी बघा. 25,000 गुणिले 65 म्हणजे 16.25 लाख, तो आकडा टॉवेलवाल्यांचा बरोबर आहे.

चूक बीटात आहे. सोळा लाखांना आणि तीन लाखांना एकच माप लावलंत. 16 ला 1.5 ने गुणा, 24 लाख. 5 ला 0.9 ने, साडेचार. 3 ला 0.6 ने, 1.8. बेरीज 30.3 लाख. निफ्टी हलला की तुमचे 24 लाख असे हलतात जणू निफ्टीत 30.3 लाख आहेत. त्याला 16.25 ने भागलं की 1.86. अर्धा लॉट मिळत नाही, म्हणून दोन.

बार्शीकर
अर्धवट सांगू नका. 24,000 च्या पुटचा डेल्टा जेमतेम 0.25 असेल. निफ्टी 100 पॉइंट पडला तर पुट 25 च वाढणार. 1.86 ला 0.25 ने भागा, साडेसात लॉट. म्हणूनच मागच्या वेळी त्याला काही मिळालं नाही.

भीमाकाठ
तुमचा हिशेब आजच्या एका दिवसापुरता खरा आहे. पण निफ्टी 24,000 च्या खाली गेला की तोच डेल्टा 1 कडे सरकतो, मग आठ लॉट म्हणजे चौपटीहून जास्त विमा. तो हेज नाही, मंदीचा सौदा झाला. प्रीमियम 110 धरला तर दोन लॉटचे 14,300 आणि आठचे 57,200, तेही एका महिन्याचे.

मागच्या वेळी शून्य झाला त्याचं कारण स्ट्राइक. 24,000 चा पुट म्हणजे पहिले 1,000 पॉइंट तुमच्या अंगावर. निफ्टी 24,250 लाच थांबला, पुटची हद्द लागलीच नाही. समजा एक्स्पायरीला तो 22,500 ला आला. बीटाप्रमाणे शेअर्समध्ये 3.03 लाख जातील. दोन लॉटवर 1,500 गुणिले 130, म्हणजे 1.95 लाख मिळतील. प्रीमियम धरून सव्वा लाखाच्या आसपास तोटा तुमचाच. तो सोसत नसेल तर 25,000 चा पुट बघा, पण तो बराच महाग पडेल.

बार्शीकर
आणि एक्स्पायरीच्या आधी मध्येच विकावा लागला तर?

भीमाकाठ
तेव्हा डेल्टा लागतो, मान्य. हेज कधीपर्यंत धरायचा त्यावर आहे.

होटगी_रोड
मी पुट घेत नाही, कॉल विकतो. महिन्याला भाजीपाला निघतो.

भीमाकाठ
धागा पडझडीचा आहे हो. पडझडीत तुमच्या हातात तेवढा भाजीपालाच राहतो.

टॉवेलवाले, स्मॉलकॅपचा 1.5 कुठून घेतलात? रोज सौदे न होणाऱ्या शेअरचा भाव निफ्टीबरोबर त्याच दिवशी हलत नाही, म्हणून रोजच्या भावावरून काढलेला बीटा खोटाच कमी दिसतो. आठवड्याच्या भावावरून काढून बघा.

टॉवेलवाला_सोलापूर
अ‍ॅपवर दिसला तो घेतला. दोन शेअर्सना तर कधी कधी दुपारपर्यंत खरेदीदारच नसतो.

भीमाकाठ
मग 1.86 सुद्धा कमीच असेल. शिवाय निफ्टी जागेवर आणि एकटे स्मॉलकॅप पडले, तर कितीही लॉट घ्या, पुट काही देणार नाही.

टॉवेलवाला_सोलापूर
मग त्या 16 लाखांचं काय करायचं?

गड्डा_यात्री
सांगितलं होतं की.