इटालियन 'ची' आणि 'ने' : 'चार द्या' म्हणताना काय राहतं?

पादोव्हाकर
पादोव्हाला येऊन आठ महिने झाले. पिआत्सा देल्ले एर्बेच्या बाजारात फळं घेते. परवा पीच घेताना बाईंनी किती म्हणून विचारलं. मी म्हटलं, 'प्रेन्दो क्वात्त्रो', चार घेते. त्यांनी चार मोजली आणि पिशवी देताना हळूच म्हणाल्या, 'ने प्रेन्दे क्वात्त्रो'. मला सुधारलं, हे कळलं. मराठीत 'चार द्या' एवढ्यावर भागतं, मग हे 'ने' कशाला?

सातारी
'रामाने'तला 'ने' आणि 'घराची'तला 'ची' इटलीत कसे पोचले? संस्कृत-लॅटिन नात्यातून आले असतील का?

जुनी वही
नाही हो, उच्चार जुळले एवढंच. आपले ते प्रत्यय, नामाला चिकटतात. इटालियनमधले हे नामाच्या ऐवजी येणारे शब्द, आणि ते क्रियापदाला धरून राहतात.

मोंपेल्ये
मी फ्रेंच शिकवते. सोपं आहे: 'ची' जागेसाठी, 'ने' संख्येसाठी. व्हेनिसला कधी जाणार? 'ची वादो दोमानी', तिथे उद्या जाते. बस.

जुनी वही
मोंपेल्येताई, अर्धं बरोबर. 'ने' जागेलाही येतो, फक्त दिशा उलटी. 'ची' म्हणजे तिथे, 'ने' म्हणजे तिथून. बँकेत जाऊन आलीस का, तर 'ने एस्को आदेस्सो', तिथूनच आत्ता बाहेर पडतेय. रोजच्या बोलण्यात हा 'ने' कमी ऐकू येतो, पण धागा तोच: कशातून तरी काही निघतं. बँकेतून माणूस निघतो, पीचमधून चार निघतात.

आता पादोव्हाकर, तुमचा प्रश्न. मराठीत 'चार' एकटा उभा राहू शकतो. इटालियनमध्ये 'घेते' या क्रियापदाचं कर्म म्हणून नुसता आकडा आला आणि वस्तूचं नाव गाळलं, तर त्या नावाची जागा 'ने'ने भरावी लागते. त्याचं भाषांतर 'त्यातली चार' असं करू नका. 'त्यातली' म्हटलं की समोरचा ढीग डोळ्यांपुढे येतो. 'ने'ला ढीग लागत नाही, पीच नावाच्या वस्तूची चार, इतकंच.

पादोव्हाकर
मग सगळीच घेतली तर? तेव्हाही 'ने'च ना?

जुनी वही
तिथेच माणसं चुकतात. सगळी घेतली तर हिस्सा उरला नाही. 'ले प्रेन्दो तुत्ते', ती सगळी घेते. इथे 'ने' घातलात तर चूक.

पादोव्हाकर
घरी येऊन पाहिलं तर दोन सडकी निघाली. नवऱ्याला सांगायला वाक्य जुळवलं: 'ने ओ कोंप्राते क्वात्त्रो, ने दुए एरानो मार्चे'. चार घेतली, दोन सडकी होती.

जुनी वही
पहिला भाग उत्तम. 'कोंप्राते' हे स्त्रीलिंगी अनेकवचन बरोबर साधलंत, कारण तिकडे पीच स्त्रीलिंगी. दुसऱ्या भागातला 'ने' काढा. दोन हा आकडा तिथे कर्ता होऊन वाक्याच्या तोंडाशी आलाय. 'दुए एरानो मार्चे', पुरे.

सातारी
पण हा शब्द ठेवायचा कुठे? क्रियापदाच्या आधी की नंतर?

जुनी वही
काळ-पुरुष दाखवणारं क्रियापद असेल तर त्याच्या आधी. मूळ रूप असेल तर शेवटचा 'ए' गाळून मागे जोडायचा. चार विकत घ्यायची आहेत: 'ने वोल्यो कोंप्रारे क्वात्त्रो' किंवा 'वोल्यो कोंप्रार्ने क्वात्त्रो'. दोन्ही चालतात. मात्र दोन क्रियापदांच्या मधोमध सुटा 'ने' बसत नाही.

आज्ञार्थ मजेचा आहे. मैत्रिणीला 'मला दोन दे' म्हणायचं तर 'दाम्मेने दुए', सगळं मागे चिकटून. बाजारातल्या बाईंना 'द्या' म्हणायचं तर 'मे ने दीआ दुए', सगळं पुढे आणि सुटं. 'ची'चंही तेच: 'वाच्ची', तिथे जा. 'ची वादा', तिथे जावं. म्हणजे नुसत्या जागेवरूनही कळतं की बोलणारा अरे-तुरेवर आहे की अहो-जाहोवर.

मोंपेल्ये
मी चुकले, 'तिथून'चा 'ने' विसरले. फ्रेंचमध्येही तसाच आहे. पण एक विचारते: दोघे एकत्र आले तर?

जुनी वही
'ने'च्या आधी 'ची'चा 'चे' होतो. घरात पीच आहेत का? 'चे ने सोनो दुए', दोन आहेत. शंभर वेळा ऐकाल.

पादोव्हाकर
शेजारच्या आजी 'एक किलो घेतली' याला 'ने ओ कोंप्रातो उन कीलो' म्हणतात, त्यांची सून 'कोंप्राते' म्हणते. किलो पुल्लिंगी, पीच स्त्रीलिंगी. कुणाचं बरोबर?

जुनी वही
दोन्ही ऐकलंय, दोन्ही छापील मजकुरातही दिसतं. मी स्वतः किलोशी जुळवते, पण सुनेला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पादोव्हाकर
आज सकाळी 'मे ने दीआ सेई' म्हटलं. बाईंनी काही न बोलता सहा मोजून दिली.