अनुभव धागा: कॅमेरा असलेल्या माणसाला तुम्ही काय भेट दिली, तुम्हाला काय मिळाली?

संगममाहुली
गणपतीची आरास माळ्यावर ठेवताना काल बिस्किटांच्या जुन्या डब्यात एक चौकोनी डबी सापडली. आत पोलरायझर फिल्टर, कडेवर ६७ आकडा, मधला पातळ कागदसुद्धा तसाच. हा मीच दादाला दिला होता, २०१६ च्या राखीला, पहिल्या पगारातून. दुकानदाराने नंबर विचारला तेव्हा मला नंबर असतो हेच ठाऊक नव्हतं, मैत्रिणीच्या लेन्सवर ६७ पाहिलेलं आठवलं आणि तेच सांगून टाकलं. दादाच्या लेन्सला ५८ लागतो. त्याने तेव्हा "छान आहे गं" म्हणून बॅगेत ठेवला आणि इतक्या वर्षांत एका शब्दाने बोलला नाही. काल विचारलं तर म्हणाला, "सांगितलं असतं तर तू बदलून आणायला उन्हात पोवई नाक्यापर्यंत गेली असतीस."
रात्री बराच वेळ ती डबी हातात घेऊन बसले होते.
पुढच्या महिन्यात त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस. आई म्हणते त्यानेच काढलेला फोटो फ्रेम करून दे, आमचे हे म्हणतात लेन्स दे, मला वाटतं छोटंसं पण रोज हाताशी येणारं काहीतरी. तुमचे अनुभव लिहा, चुकलेलेही.

हळदीचं पेव
ताई माझंही असंच. लेन्सवर १८-५५ लिहिलेलं बघून ५५ चा फिल्टर मागवला भाच्यासाठी. बसलाच नाही. तो आकडा वेगळा आणि फिल्टरचा वेगळा. शून्यावर तिरकी रेघ असते त्याच्यापुढचा बघायचा, समोरच्या कड्यावर नाहीतर टोपणाच्या आतल्या बाजूला असतो.
आणि लेन्सचं म्हणाल तर बिनधास्त द्या. कंपनी तीच असली की कुठलीही लेन्स कुठल्याही कॅमेऱ्याला बसते.

कृष्णाकाठचा
नाही हो पेवकाका, तसं असतं तर काय हवं होतं. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्सा नव्या आरएफ मिररलेसला अडॅप्टर लावूनच बसतात, आणि आरएफ लेन्स जुन्या डीएसएलआरला कशीच बसत नाही.
बसली तरी सगळं चालेल असंही नाही. माझे बाबा एसटीत होते. निवृत्त झाले त्या वर्षी कोल्हापुरातून माझ्यासाठी वापरलेली निकॉनची ५० एमएम १.८ डी घेऊन आले. माझा कॅमेरा डी ३४००. लावली, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये FEE अशी अक्षरं लुकलुकायला लागली, बटण दाबलं तर फोटो निघेना. बाबा समोर उभे. मला घाम फुटला. नंतर कळलं की त्या लेन्सवर ॲपर्चरची रिंग असते, ती २२ वर फिरवून बारीक खटक्याने लॉक करायची. केलं, फोटो निघाला. पण ऑटोफोकस काही केल्या होईना, कारण त्या लेन्समध्ये मोटर नाही, ती कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालते, आणि डी ३४०० मध्ये मोटरच नाही.
मग हातानेच फोकस करायला शिकलो. खाली डाव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका स्थिर झाला की दाबायचं. पहिला नीट फोटो बाबांचाच, गणपती मंदिराच्या पायरीवर बसलेले. ते जाऊन तीन वर्षं झाली. ती लेन्स मी विकणार नाही. पण दुसऱ्याला द्यायची असेल तर त्याच्या कॅमेऱ्याचं पूर्ण मॉडेल लिहून घ्या आणि दुकानात त्याच कॅमेऱ्यावर लावून बघा, एवढं कळकळीने सांगतो.

संगममाहुली
कृष्णाकाठचे दादा, हिरवा ठिपका वाचून डोळे भरले. 🙏

वखारभाग
आमच्या पुतणीच्या लग्नात फोटोग्राफरला आहेर द्यायचा आहे, कॅमेरा त्याचा स्वतःचाच आहे. टॉवेल टोपी देऊ का पाकीट? कृपया लवकर सांगा, रविवारी लग्न आहे.

कराडकर
ताई, धागा दुसऱ्या भेटीचा आहे पण मी लग्नाचेच फोटो काढतो म्हणून सांगतो. त्या पोराला दुपारी दोनच्या आत कुणीतरी हाताला धरून पंगतीत बसवा. आम्ही सकाळी सहापासून उभे असतो आणि जेवायला शेवटच्या पंगतीला, तीही मिळाली तर. टॉवेल टोपी मान म्हणून द्याच.
मूळ विषयावर: मला मेव्हण्याने दिलेली बेस्ट भेट म्हणजे जादाची बॅटरी. ओरिजिनल. बॅटरीच्या पोटावर नंबर छापलेला असतो, त्याने गुपचूप मोबाईलवर त्याचा फोटो काढून नेला होता. चुकायला जागाच नाही. त्याच्या आधी कुणीतरी स्वस्तातली दिली होती, ती वर्षभरात फुगली आणि कप्प्यात अशी अडकली की चिमट्याने काढावी लागली.

यवतेश्वर
आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीला हात लावला तरी ओला होतो. माझ्या मोठ्या लेन्सला बुरशी लागली, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या मागून तिरका मारला की दिसतात, नुसतं बघून नाही दिसत. बायकोने नंतर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आत ठेवायचा छोटा आर्द्रतामापक दिला. काटा ४० ते ५० मध्ये ठेवतो. दोन पावसाळे निभावले.

हळदीचं पेव
तांदूळ घाला की डब्यात, सिलिका कशाला.

यवतेश्वर
तांदळाची पूड उडते काका, लेन्सच्या फटीत जाते. सिलिका आपली बरी, नारिंगी मणी हिरवे झाले की कढईत मंद आचेवर गरम करायचे, परत नारिंगी होतात. कढई मात्र स्वयंपाकाची नको. आणि हे सगळं बुरशी लागायच्या आधी. लागलेली बुरशी डब्यात ठेवून जात नाही.

मिरजेची फ्रेम
मी फ्रेमिंग करते, सासऱ्यांपासूनचं दुकान. संगममाहुलीताई, आईंचं ऐकाल तर तीन ठिकाणी सांभाळा, लोक नेमके तिथेच अडखळतात.
पहिलं म्हणजे फाइल. परवा एकजण व्हॉट्सॲपवर आलेला फोटो घेऊन आले, १२ बाय १८ करा म्हणाले. लांब बाजूला १६०० पिक्सेल. अठरा इंचांवर पसरले की इंचाला नव्वदसुद्धा येत नाहीत, पापण्यांच्या जागी नुसता चुरा. त्यांच्या मुलीकडून मूळ फाइल मागवली, ६००० पिक्सेल निघाली, म्हणजे इंचाला तीनशेच्या वर. तोच फोटो, पण आजीच्या नथीतले मोती मोजता येत होते. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर सरळ पेनड्राइव्ह आणा.
दुसरं, माप. डीएसएलआरचा फोटो तीनास दोन असतो. १२ बाय १८ मध्ये तो अख्खा बसतो. तयार फ्रेम स्वस्त मिळते म्हणून लोक १६ बाय २० घेतात आणि मग चार इंच कापावे लागतात. एका कुटुंबाच्या फोटोत कडेला उभ्या मावशी अर्ध्या कापल्या गेल्या होत्या, त्या बिचाऱ्या फ्रेम उघडताना समोरच बसल्या होत्या.
तिसरं, काच आणि फोटो यांच्यात माउंट हवाच. तुमच्यासाठी मी अशी करीन: १२ बाय १८ प्रिंट, मॅट कागदावर, चारही बाजूंना साधारण तीन इंच पांढरा माउंट, म्हणजे बाहेरून १८ बाय २४. माउंटची खिडकी फोटोपेक्षा दोन्हीकडून अर्धा इंच लहान कापायची, कड दाबून बसते. फोटो मागून वरच्या कडेलाच टेपने टांगायचा, चारही बाजूंनी चिकटवला तर पावसाळ्यात कागद फुगतो आणि लाटा येतात.

हरिपूर
माउंटचं अगदी खरं. २०१९ च्या पुरात आमच्या खालच्या खोलीत छातीएवढं पाणी. भिंतीवर दोन फ्रेम होत्या, दोन्ही पाण्याच्या वर राहिल्या. घर दहा दिवस बंद. परत आलो तर आजोबांची, काचेला टेकलेली, काचेलाच चिकटलेली, चेहऱ्यावर तेलाचा डाग पडावा तसे चट्टे. बहिणीच्या लग्नाची माउंटवाली होती ती जशीच्या तशी. आजोबांची अजून तशीच ठेवली आहे, काढायला हात धजत नाही.

मिरजेची फ्रेम
हरिपूरकर, ओढून काढू नका, वरचा थर काचेवर राहील. आधी काचेसकट फोटो काढून घ्या. काच पुसून खिडकीजवळ ठेवा, उजेड बाजूने येऊ दे, कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा म्हणजे प्रतिबिंब पडत नाही. तेवढं तरी हाती राहील. मग दुकानात आणा, बघू, पण निघेलच असा शब्द देत नाही.

कराडकर
कुणीतरी हरिपूरला जाऊन काढून द्या रे तो फोटो. नाहीतर मी येतो पुढच्या मंगळवारी, तसाही सांगलीला आहे. भडंग घेऊन ठेवा.

हरिपूर
या की! भडंगच काय, जेवूनच जायचं.

कृष्णाकाठचा
फ्रेमबद्दल माझं थोडं वेगळं मत. वाढदिवसाला बहिणीने माझा कास पठाराचा फोटो मोठा करून दिला. तिला फुलं आवडली. मला त्यात फक्त उजवीकडचा जळालेला पांढरा ढग दिसतो, रोज, जेवताना. मी स्वतः तो फोटो कधीच निवडला नसता. मनापासून दिला म्हणून भिंतीवर आहे, पण फोटो त्यालाच निवडू दिला तर बरं.

मिरजेची फ्रेम
मग चकित करायचं राहिलं ना. मला नाही पटत. माणूस स्वतःच्या फोटोतली खोटच बघतो, घरच्यांना दिसतं ते त्याला दिसतच नाही.

वखारभाग
पाकीट आणि टॉवेल टोपी दोन्ही ठरलं. आणि जेवायला मी स्वतः नेऊन बसवणार. धन्यवाद कराडकर दादा.

यवतेश्वर
संगममाहुलीताई, सगळे विसरले, तो ६७ चा फिल्टर टाकू नका बरं. ५८ ते ६७ ची स्टेप-अप रिंग मिळते, पितळेची बघा, ॲल्युमिनियमची आटे धरून बसते. लेन्सवर रिंग, रिंगवर फिल्टर. फिल्टर मोठा असल्याने कोपरे काळे पडत नाहीत. हूड तेवढा बसणार नाही. उलटं, म्हणजे पेवकाकांचा ५५ चा ५८ वर, ते नका करू, त्यात कोपरे कापले जातात.
लावायच्या आधी फिल्टर खिडकीसमोर धरून बघा, इतकी वर्षं डब्यात होता, आत ढगाळ दिसतोय का. स्वच्छ असेल तर कासला ओल्या पानांवर फिरवून बघायला सांगा. चकाकी गेली की पानांचा खरा हिरवा रंग येतो. उजेड मात्र खातो, वारा असेल तर फुलं हलतील.

संगममाहुली
आत्ता ट्यूबलाइटसमोर धरून बघितला. स्वच्छ आहे!! कडेला एक बोटाचा ठसा आहे, माझाच असणार, दुकानात हातात घेतला होता तेव्हाचा.
रिंग मागवली. फ्रेमसाठी वहिनीला दादाच्या हार्डडिस्कमधून मूळ फाइल काढायला सांगितलं आहे, माहुलीच्या घाटावर आई दिवे सोडतेय तो. कृष्णाकाठचे दादा, तुमचा ढग वाचून पुन्हा विचारात पडले आहे. तीन फोटो काढून ठेवते आणि त्याला सहज विचारते, यातला कुठला आवडतो. लेन्स नाही देत, आमच्या ह्यांनी मॉडेल विचारलं ते त्याला कळलंच आणि तो म्हणाला पुढच्या वर्षी मीच घेणार आहे.

हळदीचं पेव
माझा ५५ चा फिल्टर कुणाला ५५ वाल्याला हवा असेल तर घेऊन जा. सांगलीत राममंदिर चौकात देतो. पैसे नकोत.