मदत हवी आहे: टूरचं क्लेम १७,८४० चं, ॲडव्हान्स १५,०००, आणि खात्यात आले फक्त ६७०?

पलासियाकर
नमस्कार मंडळी, मी इंदूरला एका खासगी कंपनीत सेल्सला आहे, मागच्या महिन्यात पुण्याला चार दिवस तीन रात्रींची टूर होती, निघायच्या आधी १५,००० ॲडव्हान्स घेतला होता. परत आल्यावर सगळी बिलं लावली: रेल्वे ३,२६०, हॉटेल ९,४५०, डीए ६०० प्रमाणे २,४००, टॅक्सी-रिक्षा २,७३०. टोटल १७,८४०, म्हणजे मला २,८४० मिळायला हवेत ना? काल खात्यात ६७० आले, पोर्टलवर Settled दिसतंय. नॅरेशनमध्ये नुसतं कंपनीचं नाव. अकाउंट्सवाला म्हणतो, सिस्टिमनी केलंय. २,१७० गेले कुठे?

विजयनगरचा_विक्या
टीडीएस कापला असणार. आमच्याकडे पण कापतात.

जुना_अकाउंटंट
विक्याभाऊ, खऱ्या बिलांवर दिलेला खर्च हा पगार नाही, त्यावर टीडीएस नसतो. बिलं न लावता तुम्ही घेतलेले पैसे मात्र पगारात धरले जाऊ शकतात, तुमच्याकडे बहुधा तसं झालं असेल, पगाराची स्लिप बघा.

पलासियाकर, पोर्टलवरचं क्लेम बघत बसू नका. अकाउंट्सकडून तुमच्या नावाचं लेजर मागा, एप्रिलपासूनचं. कंपनी टूरप्रमाणे हिशोब करत नाही, माणसाप्रमाणे करते, जुनं काही अंगावर असेल तर ते आधी वळतं होतं. आणि त्या क्लेममध्ये पास झालेली रक्कम किती ते विचारा, लावलेली नाही.

बडोद्याची_सून
माझंही असंच! मी बडोद्याला आहे, आमच्याकडे तर चार महिने क्लेम मॅनेजरकडेच अडकलंय, पैसेच नाही आले. कुठे तक्रार करायची?

जुना_अकाउंटंट
ताई, तुमची गोष्ट वेगळी, तुमचं पासच झालेलं नाही. यांचं पास होऊन पैसे आलेत, फक्त कमी आलेत. तुम्ही मॅनेजरना मेल करून मागे लागा, फोनवर नको.

पलासियाकर
काका, लेजर मिळालं, अर्धा दिवस डोकं खाल्लं तेव्हा कुठे. पास १६,३१०. हॉटेलमधले १,०५० कापले, रिक्षाचे ४८० "पावती नाही" म्हणून. आणि वर एक ओळ आहे, जूनमधली भोपाळ टूर, ॲडव्हान्स ३,०००, पास २,३६०, शिल्लक ६४०. ते ६४० मी परत भरलेच नव्हते, साफ विसरलो होतो 😅

जुना_अकाउंटंट
मग लागला की हिशोब. १६,३१० मधून १५,००० वजा, राहिले १,३१०, त्यातून भोपाळचे ६४० गेले, उरले ६७०. पैशाला पैसा जुळतोय. लेजरमध्ये त्या पेमेंटच्या ओळीशी यूटीआर नंबर असेल, तो बँकेच्या एंट्रीशी ताडून घ्या, म्हणजे हे ६७० दुसऱ्या कशाचे नाहीत हे पक्कं होईल.

हॉटेलचं मात्र मला पटत नाही. रात्रीचं बिल किती आणि लिमिट किती?

पलासियाकर
रात्रीचे ३,००० अधिक ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३,१५०. लिमिट २,८००.

जुना_अकाउंटंट
तेच म्हणतोय. त्यांनी ३,१५० मधून २,८०० थेट वजा केलेत, ३५० गुणिले तीन, १,०५०. पॉलिसीमध्ये लिमिट "टॅक्स सोडून" असेल तर २,८०० वर १४० टॅक्स धरून २,९४० पास व्हायला हवे होते, रात्रीचे फक्त २१० कापले जातात, म्हणजे ६३०. फरक ४२०. पॉलिसीची ती ओळ शोधा आणि तिच्यावर बोट ठेवून मेल करा.

विजयनगरचा_विक्या
कंपनीचा जीएसटी नंबर बिलावर नसेल म्हणून टॅक्स कापला असेल ना?

जुना_अकाउंटंट
नंबर लिहून घ्यायलाच हवा, तेवढं बरोबर. पण पुण्याच्या हॉटेलवर महाराष्ट्राचा टॅक्स लागतो, कंपनीचं रजिस्ट्रेशन फक्त मध्य प्रदेशात असेल तर त्याचं क्रेडिट तिला तसंही मिळत नाही. त्यामुळे तो भार माणसावर टाकायचं काही कारण नाही.

पलासियाकर
पॉलिसी सापडली, पान सहावर लिहिलंय "रूम टॅरिफ, कर वेगळा". मेल टाकला, ४२० चं पुरवणी क्लेम लाव म्हणाले. ४८० वर मात्र अडून बसलेत, स्टेशनवरच्या रिक्षावाल्याकडे पावती कुठून आणू? सराफ्यात पोहे खाल्ले तर तिथेही कोणी बिल देत नाही.

जुना_अकाउंटंट
काही कंपन्या स्वतः सही केलेलं व्हाउचर चालवतात, तारीख, कुठून कुठे, किती. तुमची चालवते का ते तुमच्याच पॉलिसीत बघा.

पलासियाकर
त्याबद्दल एक ओळही नाही. एचआरला विचारलंय, अजून उत्तर नाही.