‘क्षमता’ की ‘करता येणं’?

भाषांतरकार: आयटीआयच्या फिटर ट्रेडचा अभ्यासक्रम मराठीत आणतेय. ‘कॉम्पिटन्सी-बेस्ड’ला सगळीकडे ‘क्षमताधिष्ठित’ म्हणतात, पण मला ते खटकतं. ‘पोरात क्षमता आहे, मेहनत घेत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा ती क्षमता अजून दिसलेली नसते. इथे तर दिसलं तेवढंच मोजायचंय. दुसरा शब्द सुचवाल का?

निवृत्त मुख्याध्यापक: प्राथमिक शाळांत हा शब्द नव्वदच्या दशकातच रुळला. तो बदलू नये. फार तर ‘कौशल्याधिष्ठित’ करा, अर्थ एकच.

शिल्प निदेशक, फिटर: सर, एकच नाही. कानस चालवणं हे कौशल्य. पण टी-फिटचा जॉब घ्या. दोन तुकडे, एकाचा टी दुसऱ्याच्या खाचेत बसायला हवा, माप ±0.04 मिमीच्या आत. ड्रॉइंग वाचायचं, आखणी करायची, करवतीने कापून कानशीने मापात आणायचं, आणि किती घासल्यावर थांबायचं तेही कळायला हवं. एवढं सगळं एकत्र जमलं तर ती कॉम्पिटन्सी.

कधी तुकडा खाचेत एका बाजूने सरकतो. उलटा फिरवून घातला की अडकतो. म्हणजे टी मधोमध नाही किंवा कोन चुकलाय. उजेडासमोर धरलं की फट कुठे आहे ते दिसतं. आशयावर चालणाऱ्या जुन्या पद्धतीत ‘फायलिंगचा धडा झाला, तास भरले’ म्हणून पुढे जाता यायचं. आता तो जॉब बसल्याशिवाय पुढे जायचं नाही, निदान कागदावर तरी.

पालक: माझ्या मुलाला दहावीला 52 टक्के आहेत. त्याची क्षमता बघून ट्रेड देतात का?

भाषांतरकार: दादा, तो प्रवेशाचा प्रश्न. आपण शिकून झाल्यावर काय येतं त्याबद्दल बोलतोय. पण बघा ना, ‘क्षमता’ वाचून तुम्हालाही प्रवेशच आठवला!

मंत्रालयात काम केलेले वाचक: ‘सक्षमता’ कशी वाटते?

भाषांतरकार: ‘सक्षम अधिकारी’ म्हणजे ज्याला कायद्याने अधिकार आहे तो. त्याला काम येतं की नाही, हे त्या शब्दात नाही.

शिल्प निदेशक: वर्कशॉपमध्ये आम्ही ‘हात बसला’ म्हणतो. एकदा जॉब जमला तर हात बसला म्हणत नाहीत, पुन्हापुन्हा जमायला लागतो. परीक्षेत मात्र एकच जॉब बघतात आणि रकान्यात खूण करतात. मी एका ठिकाणी होतो, तिथे न बघताच खुणा व्हायच्या. फार वाईट वाटायचं. ती पोरं कंपनीत गेली की पहिल्याच आठवड्यात उघडी पडतात.

निवृत्त मुख्याध्यापक: मग थिअरी नकोच म्हणता?

शिल्प निदेशक: तसं कसं? मापात ढिलाई किती चालते आणि का, हे कळत नसेल तर नवं ड्रॉइंग आलं की हात बसलेला पोरगाही थांबतो. ते जॉबवरून दिसत नाही, विचारावंच लागतं.

भाषांतरकार: शीर्षकात ‘क्षमताधिष्ठित’ ठेवते, फॉर्मवर तेच छापलेलं आहे. आत प्रत्येक ओळ ‘…करता येते’ अशी लिहीन. ‘हात बसणे’ कुठे घालता येईल ते मात्र अजून सुचत नाहीये.