मदत हवी आहे: फिडल लीफची पानगळ आणि रबर प्लांटच्या पानांखाली फोड (फोटो दिलेत)

पानवेडी: दोन्ही झाडं एकाच कोपऱ्यात आहेत. फिडल लीफची खालची तीन पानं आठवड्यात गळली, चौथ्यावर मधोमध काळपट तपकिरी डाग (फोटो १, २). रबर प्लांटच्या पानांखाली बारीक पुळ्या, हाताला खरखरीत लागतात (फोटो ३). पाणी दिवसाआड घालते, हल्ली ढगाळ आहे आणि खिडकी बंदच असते. बुरशी आहे का? काय फवारू?

हिरवा_कोपरा: फोटो ३ म्हणजे खवले कीड, शंभर टक्के. नीम ऑइल मारा दर आठवड्याला.

नवखा_माळी: माझ्या मनी प्लांटचीपण पानं पिवळी पडतायत, मीपण नीम ऑइल मारू का?

कुंडीतली_माती: मनी प्लांटचा वेगळा धागा काढा हो, इथे गोंधळ होईल. पानवेडी, फवारणी थांबवा आणि आधी एका पुळीवर नख लावून बघा. खवले कीड असेल तर अख्खा खवला सुटून येतो, शिवाय पान चिकट लागतं. फोटोत तर त्या पानाच्या त्वचेतच उगवल्यासारख्या दिसतायत. माती ओली, उजेड कमी, हवा कोंडलेली, अशात मुळं पाणी ओढत राहतात पण पानातून ते तेवढं उडून जात नाही, मग आतल्या पेशी फुगून फुटतात आणि तिथे बुचासारखा खरखरीत फोड राहतो. याला इडिमा म्हणतात, हा रोग नाही, दुसऱ्या झाडाला लागत नाही. फिडल लीफचं मात्र मला जास्त टेन्शन आहे. खालची पानं आधी गेली आणि डाग मऊ, गडद, म्हणजे मुळं कुजत असावीत. कुंडीतून काढून बघा.

पानवेडी: नख लावलं, काहीच सुटलं नाही, उलट पान फाटून चीक आला 🙈 आणि फिडल लीफची कुंडी उचलली तर बाहेरच्या शोभेच्या कुंडीत दोन बोटं पाणी साचलेलं! काही मुळं तपकिरी, ओढली की साल हातात येते, बाकीची टणक आहेत.

कुंडीतली_माती: सापडलं मग. मऊ मुळं स्वच्छ कात्रीने कापा, मोकळ्या, निचऱ्याच्या मातीत लावा, कुंडी मोठी घेऊ नका नाहीतर माती परत ओलीच राहील. खत आत्ता नको. दोघांनाही पाणी वार बघून नाही, बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच. उजेडात सरकवा, एकदम कडक उन्हात नको. रबरचे जुने फोड जाणार नाहीत, नवीन पान खालून गुळगुळीत आलं की समजा जमलं.

हिरवा_कोपरा: बरं, खवले कीड नाही, मान्य. पण फोटो २ मध्ये डागाला पिवळी कड दिसतेय, ते बॅक्टेरियाचं नसेल ना?

कुंडीतली_माती: असू शकतं, फोटोवरून नाही सांगता येत. डागाच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा, पाणी कमी केल्यावरही डाग बाहेर गेला किंवा कोवळ्या पानांवर दिसला तर ते पान काढा आणि झाड वेगळं ठेवा.

पानवेडी: सहा दिवस झाले, नवीन पान गळलं नाही. डाग रेघेच्या बाहेर तांदळाच्या दाण्याएवढा गेलाय, पण एकाच बाजूला. काढू का पान की अजून थांबू?