प्रवाह पुन्हा जोडताना

«प्रेक्षकाच्या निवडीनुसार वळणाऱ्या पटकथेत चार ठिकाणी त्याला दोन-दोन पर्याय दिले तर दृश्यांचा नकाशा हाताबाहेर जातो आहे. काय करावे?»

प्रत्येक फांदी स्वतंत्र ठेवल्यास 31 दृश्ये आणि 16 शेवट होतात, म्हणून फांद्या पुन्हा एका दृश्यात आणाव्या लागतात. समजा, ठाणे स्थानकात नायिकेला कोणाचे तरी पाकीट सापडते. पहिली निवड: ते तिकीट खिडकीवर द्यायचे की स्वतःजवळ ठेवायचे. दोन्ही वाटा ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर एकत्र येतात. प्रत्येक निवडीनंतर असेच केले, आणि शेवट केवळ चौथ्या निवडीवर व पाकीट दिले की ठेवले या नोंदीवर ठरवला, तर सामाईक 4, फांद्यांची 6 आणि शेवटाची 4 अशा 14 दृश्यांत काम भागते.

अडचण येते ती या सामाईक दृश्यांतच. फलाटावर मैत्रिणीने "पाकीट दिलेस ना?" असे विचारले, की एका वाटेवरून आलेल्या प्रेक्षकाला ते खटकते. तिने "उशीर का झाला?" एवढेच विचारावे, उत्तर दोन्ही वाटांना चालणारे हवे. तिकीट खिडकीची वाट उघड्यावरून जात असेल, तर नायिका भिजलेली दिसेल आणि दुसऱ्या वाटेवर कोरडी, म्हणून दोन्हींत रेनकोट घालावा. (ठाण्याच्या पावसात तो कोणालाही अनाठायी वाटणार नाही.)

नकाशात प्रत्येक सामाईक दृश्याच्या चौकटीत, इथे पोहोचणाऱ्या नायिकेला काय ठाऊक आहे आणि तिच्या हातात काय आहे, हे वाटेनिहाय लिहावे. मग सर्व 16 वाटा सुरुवातीपासून मोठ्याने वाचाव्यात. चूक बहुधा सांध्यावरच सापडते.